सेप्टिक टाकी ३ ब्रासची आणि बिल १५ ब्रासचे: खोदलेली माती खरोखर किती फुलते?

वानाडोंगरी_प्लॉट

नमस्कार. हिंगणा रस्त्याच्या बाजूला, वानाडोंगरी येथे आमच्या घराचे काम सुरू आहे. सेप्टिक टाकीचे खोदकाम मागील महिन्यात झाले, टाकी बांधून झाली, बाजूची भरतीही झाली, आणि आता ठेकेदाराचे बिल हातात पडल्यावर मी गोंधळून गेलो आहे. टाकीचे आतील माप १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि ६ फूट खोल आहे. या मापाने ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास होतात. बिलात मात्र ‘खोदकाम व माती वाहून नेणे, १५ ब्रास’ अशी एक ओळ आहे आणि त्याखाली ‘मुरूम भरती, ७ ब्रास’ अशी दुसरी. विचारले तेव्हा ठेकेदाराने सांगितले की, खोदली की माती फुलते आणि ट्रॉलीच्या पंधरा फेऱ्या मी स्वतः मोजल्या आहेत. फेऱ्या पंधरा झाल्या हे खरे आहे, कारण आमच्या सौ. घरी होत्या आणि त्यांनीही मोजल्या होत्या. पण ३ चे १५ होण्याइतकी माती फुलते का?

खड्डा तयार झाल्यावर मी सहज फिता लावून मापे घेतली होती, ती देतो. तळाशी १३ फूट ६ इंच बाय ८ फूट ६ इंच, वर जमिनीशी १६ फूट ६ इंच बाय ११ फूट ६ इंच, खोली ७ फूट ६ इंच. वरचे तीन फूट काळी माती होती, त्याखाली तीन फूट पिवळसर मुरूम, आणि शेवटच्या दीड फुटात जेसीबीला जोर लावावा लागला असा कच्चा दगड लागला.

अजनीकर

साहेब, आपण आतील मापाने हिशोब केला, ही पहिली चूक. भिंतींची जाडी आणि काम करायला लागणारी जागा धरलीच पाहिजे. फुलण्याचा नियम मात्र सोपा आहे: खड्ड्याच्या मापात ३० टक्के मिळवावेत म्हणजे ट्रॉलीतील माती मिळते, आणि ट्रॉलीतील मातीतून ३० टक्के वजा करावेत म्हणजे खड्ड्याचे माप मिळते. मी माझ्या घराच्या वेळी हाच हिशोब लावला होता. आपल्या १५ ब्रासमधून ३० टक्के गेले की साडेदहा ब्रास राहतात. म्हणजे खड्डा साडेदहा ब्रासचा असला तर ठेकेदार खरा, नसला तर खोटा.

मृदा_कन्या

मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते म्हणून लिहीत आहे. सरसकट ३० टक्के हा आकडा काळ्या मातीला लावणे मला धोक्याचे वाटते. विदर्भातील काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते आणि आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत ५० टक्क्यांच्या वर फुगवटा हा नेहमीचा आकडा आहे. काही नमुने त्याहून पुष्कळ पुढे जातात. ही चाचणी आम्ही आयएस २७२० च्या ४० व्या भागाप्रमाणे करतो. चाळलेली कोरडी माती दहा दहा ग्रॅम घेऊन एक वाटा पाण्यात आणि एक रॉकेलमध्ये चोवीस तास ठेवतो, आणि दोन्ही नळ्यांतील मातीच्या उंचीतील फरक काढतो. तेव्हा वरच्या तीन फुटांना निदान ५० टक्के धरावेत असे माझे मत आहे.

मापपुस्तक

सार्वजनिक बांधकामाच्या नोकरीत तीस वर्षे खोदाईची मापे लिहिण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम मृदा_कन्या ताईंच्या आकड्याबद्दल. त्यांची चाचणी बरोबर आहे, पण ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. मराठीत आपण दोन्हीला ‘फुगणे’ म्हणतो, त्यामुळे हा घोटाळा फार वेळा होतो. त्यांचा फुगवटा पाण्याने होतो: काळ्या मातीचे बारीक कण पाणी शोषून स्वतःच जाड होतात, आणि रॉकेलमध्ये तसे होत नाही म्हणून ते तुलनेला घेतात. खोदलेली माती फुलते ती पाण्यामुळे नव्हे, तर हवेमुळे. जमिनीत शेकडो वर्षे दाबून बसलेली माती जेसीबीच्या दाताने ढेकळे होऊन बाहेर येते आणि ढेकळांच्या मध्ये पोकळी राहते. कण तेवढेच, वजन तेवढेच, जागा मात्र जास्त. म्हणून कोरड्या खडखडीत कातळाचा पाण्याने होणारा फुगवटा जवळजवळ शून्य असला तरी फोडल्यावर तोच कातळ काळ्या मातीपेक्षा जास्त जागा घेतो, कारण दगडाचे तुकडे एकमेकांत बसत नाहीत. पाण्याचा फुगवटा पाया कसा घ्यावा हे सांगतो, हवेचा फुगवटा ट्रॉल्या किती लागतील हे सांगतो. बिलासाठी दुसरा लागेल.

आता खड्डा. भिंत ९ इंची धरली तर टाकीचे बाहेरील माप ११ फूट ६ इंच बाय ६ फूट ६ इंच होते. गवंड्याला बाहेरून गिलावा करता यावा म्हणून चारी बाजूंनी एक फूट सोडला की तळाचे माप १३ फूट ६ इंच बाय ८ फूट ६ इंच येते, जे आपल्या फित्याशी तंतोतंत जुळते. खोलीत आतील ६ फूट, वर स्लॅबचे ६ इंच, खाली तळाच्या काँक्रीटचे ६ इंच आणि त्याखालच्या पीसीसीचे ६ इंच, असे साडेसात फूट होतात. म्हणजे खड्डा नकाशाप्रमाणेच झाला आहे, फक्त बाजू उभ्या न ठेवता वर दीड दीड फूट पसरवल्या आहेत. वरच्या आणि तळाच्या मापांची सरासरी १५ बाय १० येते. ती साडेसातने गुणली की ११२५ घनफूट होतात. अचूक सूत्राने ११३० येतात, तो फरक सोडून द्या. जमिनीत असतानाचे माप सव्वाअकरा ते ११.३ ब्रास, हे पक्के समजा.

त्यातील थर वेगळे काढू. खड्डा वर रुंद असल्यामुळे वरच्या तीन फुटांत माती जास्त निघते. काळी माती ५.२ ब्रास, मुरूम ४.३ ब्रास आणि कच्चा दगड १.८ ब्रास असा साधारण वाटा पडतो. फुलण्याचे प्रमाण काळ्या मातीला ३० टक्के, मुरुमाला २५ टक्के आणि कच्च्या दगडाला ४५ टक्के धरले, तर काळी माती ६.८, मुरूम ५.४ आणि दगड २.६ ब्रास होतो. बेरीज १४.८ ब्रास.

तेव्हा ट्रॉलीच्या पंधरा फेऱ्या हा आकडा अशक्य तर नाहीच, उलट अगदी अपेक्षित आहे. आपल्या ३ चे १५ झाले ते फुलण्यामुळे नव्हे. ३ चे ११.३ झाले ते भिंत, तळ, कामाची जागा आणि उतार यांमुळे, आणि ११.३ चे पुढे १५ झाले ते फुलण्यामुळे. पहिली झेप मोठी आहे, आणि ती कागदावर आधीच काढता आली असती.

तरीही बिल मला बरोबर वाटत नाही. खोदकामाचे माप खड्ड्यात घ्यायचे असते, ट्रॉलीत नव्हे. आयएस १२०० च्या पहिल्या भागाप्रमाणे आम्ही सरकारी कामात हेच करत आलो आहोत. जेसीबीने ११.३ ब्रास खोदले. पुढे ते फुलले म्हणून खोदण्याचे श्रम वाढले नाहीत. वाहतूक मात्र फुललेल्या मातीची होते, म्हणून तिथे १५ चा आकडा योग्य. आपल्या ठेकेदाराने दोन्ही कामे एका ओळीत घालून दोन्हींना १५ लावले आहेत.

अजनीकर

मापपुस्तक साहेबांच्या १४.८ आणि ११.३ चे प्रमाण काढले तर ३० टक्केच येते. म्हणजे माझा नियम बरोबर ठरला. मग १५ मधून ३० टक्के वजा केल्यावर ११.३ यायला हवेत आणि माझे साडेदहा का येतात, हे मात्र कळले नाही.

मापपुस्तक

अजनीकर साहेब, आपला वाढवण्याचा नियम बरोबर आहे, परत येण्याचा नाही. १०० चे १३० झाले. आता १३० चे ३० टक्के काढले तर ३९ होतात आणि हाती ९१ राहतात. ते ३० टक्के मूळ मातीचे होते, फुललेल्या मातीचे नव्हेत. परत यायचे तर १.३ ने भागावे, म्हणजे साधारण २३ टक्के वजा करावेत. १५ ला १.३ ने भागले की साडेअकरा येतात. एका खड्ड्यात एक ब्रासचा फरक पडला; कॉलनीच्या तळघराच्या खोदाईत याच चुकीने शेकडो ब्रास इकडचे तिकडे होतात, आणि बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही.

शिवाय तुमचे ३० टक्के इथे जुळले तो योगायोग आहे. काळी माती जास्त आणि दगड थोडा, म्हणून सरासरी तिथे आली. नागपूर दख्खनच्या काळ्या कातळाच्या अगदी पूर्वेकडील कडेवर वसले आहे. पश्चिमेकडे चार फुटांवर कातळ लागतो, तर शहराच्या पूर्वेकडे जमीनच वेगळी आहे. खड्ड्यातील निम्मा भाग फोडून काढलेला कातळ असता तर सरासरी ४० च्या वर गेली असती, आणि जुन्या भरावाचा प्लॉट असता तर पंधराही आली नसती, कारण भरावाची माती आधीच अर्धवट फुललेली असते.

याच कारणाने मला आपल्या जुन्या वास्तुग्रंथांतील भूमिपरीक्षेचे कौतुक वाटते. हातभर खड्डा खणावा, तीच माती पुन्हा भरावी. उरली तर जमीन उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. शुभाशुभ ज्याचे त्याने पाहावे. पण माती उरते तेव्हा खालची जमीन घट्ट बसलेली आहे, आणि कमी पडते तेव्हा ती पोकळ किंवा भरावाची आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

ट्रॉलीवाला_काटोल_रोड

मी ट्रॅक्टर-ट्रॉली आणि टिप्पर चालवतो, त्यामुळे आमच्याही बाजूचे दोन शब्द मांडतो. ट्रॉली म्हणजे एक ब्रास, ही बोलण्याची पद्धत आहे, माप नव्हे. आम्ही फेरीचे पैसे घेतो, ब्रासचे नाही. एकाची ट्रॉली १० फुटांची असते, दुसऱ्याची साडेनऊची. कोणाच्या फाळक्याची उंची दीड फूट, कोणी वर फळी ठोकून दोन फूट केलेली. शिवाय भरणे सपाट आहे की शीग लावून, यावर बरेच अवलंबून असते. मुरुमाची शीग चांगली टिकते. काळी माती ओली असेल तर ढेकळांचा डोंगर दिसतो, पण आत पोकळच असते, आणि पहिल्या दोन गतिरोधकांवर ती चार बोटे खाली बसते. म्हणून माप घ्यायचे तर भरल्या जागीच घ्यावे. उतरवण्याच्या जागी घेतले तर आमचे नुकसान होते आणि वाद होतात.

एक खूण सांगतो. नेहमीच्या जेसीबीच्या पुढच्या मोठ्या बकेटमध्ये काठोकाठ साधारण १.१ घनमीटर, म्हणजे ३९ घनफुटांच्या आसपास माती मावते. ट्रॉलीत तीन बकेट भरून पडल्या तर एक ब्रासच्या वर माल आहे. दोनच पडल्या तर ट्रॉली ८० घनफुटांच्या आतच आहे, मग कोणी काहीही म्हणो. आणि एक ब्रास मातीचे वजन सुमारे चार टन होते, त्यामुळे जास्त भरा म्हणून आमच्या मागे लागू नये. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो.

वाठोड्याचा_वाचक

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण खोदकामाचाच आहे. आमच्याकडे खड्डा नव्हे, तर भिंतींच्या पायाची चर खोदली आहे, चर ३ फूट रुंद आणि ४ फूट खोल. चारी बाजूंच्या चरांची बाहेरून मापे घेतली तर ३१, ३१, २१ आणि २१ फूट भरतात. बेरीज १०४ फूट, गुणिले १२, म्हणजे १२४८ घनफूट असे मिस्त्री सांगतो. यात फुलण्याचे किती मिळवावेत? की ते यात आधीच आले आहेत?

मापपुस्तक

फुलण्याचे काहीच आलेले नाही, पण कोपरे मात्र दोनदा आले आहेत. लांब चर मोजताना कोपरा धरला, आडवी चर मोजताना तोच पुन्हा धरला. चरीच्या मध्यरेषेने मोजा: २८, २८, १८ आणि १८, बेरीज ९२ फूट. ती १२ ने गुणली की ११०४ घनफूट होतात. चार कोपऱ्यांचे १४४ घनफूट, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास जमीन मिस्त्रीने कागदावरच खोदली. मध्ये आडवी भिंत असेल तर तिची चर बाहेरच्या चरीच्या आतल्या कडेपासून मोजावी. फुलण्याचा विचार माती बाहेर न्यायची असेल तरच करा. जोत्याच्या आत टाकायची असेल तर त्याची वाहतूकच नाही.

वानाडोंगरी_प्लॉट

सर्वांचे मनापासून आभार. काल ठेकेदाराची तीच ट्रॉली शेजारच्या कामावर उभी होती, तिला फिता लावून आलो. आतील माप साडेनऊ फूट बाय पावणेसहा फूट, उंची दीड फूट. सपाट भरली तर ८२ घनफूट होतात. शीग होती असे सौ. सांगतात, पण किती होती हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ट्रॉलीवाले दादा सांगतात त्याप्रमाणे बकेट मोजल्या असत्या तर बरे झाले असते. सपाट धरल्यास पंधरा फेऱ्यांचे १२.३ ब्रास होतात. भरपूर शीग धरून ९७ घनफूट मानले तर साडेचौदा. थोडी काळी माती आम्ही मागच्या परसात बागेसाठी पसरून ठेवली होती, तीही त्यात धरावी लागेल.

खोदकाम खड्ड्याच्या मापाने धरण्यास ठेकेदार तयार झाला आहे. मात्र तो ११.३ धरतो आणि माझा मेहुणा, जो बांधकाम परवानगीची कामे करतो, तो म्हणतो की नकाशाच्या उभ्या बाजूंनी ८.६ ब्रासच होतात, उताराचे पैसे का द्यायचे? यात खरे काय?

आणि मुरुमाची ओळ मला अजूनही कळत नाही. भरतीचा मुरूम ठेकेदाराने बाहेरून आणला, हे खरे आहे.

मापपुस्तक

आपल्या मेहुण्यांचे म्हणणे सरकारी मोजमापाच्या दृष्टीने निराधार नाही. नकाशात उतार दाखवला नसेल तर ठेकेदाराने सोयीसाठी रुंद खोदलेले आम्ही धरत नसू. पण इथे खोली साडेसात फूट आहे. दीड मीटरपेक्षा, म्हणजे पाच फुटांपेक्षा खोल खड्ड्यात सैल जमिनीला एकतर आधार द्यावा किंवा उतार द्यावा, असे खोदकामाच्या सुरक्षेची संहिता सांगते. वरचे तीन फूट काळी माती असताना बाजू उभ्या ठेवून खाली गवंडी उतरवणे मी कधीच मान्य केले नसते. फळ्यांचा आधार दिला असता तर त्याचे पैसे लागलेच असते. म्हणून माझा कौल ११.३ कडे आहे, पण बोलणी काय ठरली होती यावर ते अवलंबून आहे, आणि इथे बसून मी त्याचा निवाडा करू शकत नाही.

मुरुमाच्या ओळीबद्दल मात्र मला शंका नाही. हिशोब पाहा. खड्डा ११.३ ब्रास आणि टाकीचे बाहेरील आकारमान ५.६ ब्रास, म्हणजे टाकीभोवती भरायची जागा ५.७ ब्रास. खोदलेला मुरूम हाताने, नऊ नऊ इंचांचे थर देऊन, पाणी मारून आणि धुम्मसाने ठोकून भरला तर तो साधारण आपल्या मूळ आकारमानापर्यंत परत येतो. त्यामुळे ५.७ ब्रास जागेला सुट्या मापात सुमारे ७ ब्रास लागतात, आणि बिलातील ७ चा आकडा इथून आला आहे. आकडा बरोबर आहे. पण आपल्याच खड्ड्यातून सुटा मुरूम ५.४ आणि कच्चा दगड २.६, असा ८ ब्रास माल निघाला होता. मोठे धोंडे बाजूला काढले असते तर भरतीला तो पुरला असता, आणि बाहेर न्यायची राहिली असती ती काळी माती व थोडा उरलेला माल, मिळून पावणेआठ ब्रास. पंधरा फेऱ्यांऐवजी आठ पुरल्या असत्या आणि मुरूम विकत घ्यावाच लागला नसता.

म्हणजे आपण आपला मुरूम बाहेर नेण्याचे पैसे दिले आणि तितकाच मुरूम परत आणण्याचेही. ठेकेदाराने हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. जागा लहान असेल तर माती आणि मुरुमाचे वेगळे ढीग ठेवायला जागाच नसते, आणि जेसीबीवाला सगळे एकत्र करून टाकतो. एकदा काळी माती मुरुमात मिसळली की तो मुरूम भरतीच्या कामाचा राहत नाही. पण ठेकेदाराला एवढे जरूर विचारा की आपला मुरूम कुठे रिता झाला. मुरूम गौण खनिजात मोडतो आणि त्याला गिऱ्हाईक असते. काळ्या मातीला सहसा नसते.

मृदा_कन्या

मापपुस्तक काकांनी माझी चूक दाखवली ती मान्य आहे. मी प्रश्न नीट वाचला नव्हता. पण आता माझा आकडा इथे उपयोगी पडतो, कारण काळी माती टाकीभोवती भरू नये याचे कारण तोच आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन भिंतीवर दाब देते आणि उन्हाळ्यात आकसून भिंतीपासून सुटते, त्या फटीतून पुढच्या पावसाचे पाणी थेट तळाशी जाते. त्यामुळे मुरूम विकत आणावा लागला तरी तो खर्च वाया गेला असे समजू नये.

दुसरे असे की, फुलण्याचे प्रमाण ज्याचे त्याला घरी काढता येते. काल मी आमच्या आवारात करून पाहिले. एक फूट बाय एक फूट, एक फूट खोल असा खड्डा कडा न ढासळू देता खणला आणि निघालेली सगळी माती न दाबता २० लिटरच्या रंगाच्या डब्याने मोजली. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. माझ्या मातीने दोन डबे भरायला दोन बोटे कमी पडली, साधारण ३८ लिटर. म्हणजे ३४ टक्के. माझा अंदाज असा आहे की उन्हाळ्यात कोरडी ढेकळे निघतात तेव्हा हा आकडा ४० पर्यंत जात असावा.

मापपुस्तक

चाचणी उत्तम आहे. दोन शंका आहेत. फावड्याने एका घनफुटाचे बारीक तुकडे होतात, जेसीबीने मोठी ढेकळे निघतात आणि डब्यात ढेकळांच्या कडेला वाया जाणारी जागा ट्रॉलीच्या मानाने जास्त असते, त्यामुळे लहान मापाचा आकडा थोडा चढा येतो. आणि उन्हाळ्याबद्दल मला उलट वाटते. मे महिन्यात काळी माती हात जाईल एवढ्या भेगांनी फाटलेली असते. त्या भेगा आपण खड्ड्याच्या मापात जमीन म्हणून मोजतो, पण त्यात माती नसतेच. मग फुलण्याचे प्रमाण कमीच दिसायला हवे. मी उन्हाळ्यात २५ च्या आसपास धरत आलो. पण मी ते डब्याने कधी मोजले नाही, हे कबूल करतो.

मृदा_कन्या

काका, मग मे महिन्यात त्याच जागी दुसरा खड्डा खणून आकडा इथेच लिहीन. फक्त भेगा टाळून जागा निवडायची की भेगेसकट, हे आपण आधी ठरवून सांगा. नाहीतर आकडा काहीही आला तरी आपण दोघेही बरोबर ठरू.

मापपुस्तक

भेगेसकट. ठेकेदारही भेग सोडून खोदत नाही.

वानाडोंगरी_प्लॉट

ठेकेदाराने मुरुमाच्या ७ पैकी ३ ब्रास कमी केले आणि खोदकाम ११.३ वर आणले. वाहतूक पंधरा फेऱ्यांचीच राहिली. आमचा मुरूम कुठे गेला याचे उत्तर ‘ट्रॉलीवाल्याला विचारा’ असे मिळाले.

आता पुढच्या आठवड्यात घराच्या नऊ फुटिंगचे खड्डे आहेत. प्रत्येकी ५ बाय ५ आणि खोली ५ फूट. जेसीबीवाल्याला सांगितले आहे की काळी माती प्लॉटच्या डाव्या कोपऱ्यात आणि मुरूम उजव्या हाताला, वेगळा टाकायचा. तो म्हणाला, त्याचे तासाचे पैसे जास्त होतील. किती जास्त, ते आधी ठरवून घेतो.

ट्रॉलीवाला_काटोल_रोड

दोन ढीग करायला वेळ थोडाच जास्त लागतो, पण मशीनला फिरायला जागा लागते. उजवीकडे विटा उतरवल्या असतील तर त्या आधी हलवा. आणि मुरूम कुठे गेला म्हणून मला विचारू नका, ती ट्रॉली माझी नव्हती.